ट्रान्सफॉर्मर टेस्ट पुन्हा करायची परवानगी हवीय? पत्र लिहिण्याआधी हे तपासा

दर सत्रात सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात माझ्या टेबलावर एकाच मजकुराचे आठ-दहा कागद येतात. ‘महोदय, काही अपरिहार्य कारणामुळे आमच्या बॅचची ट्रान्सफॉर्मर टेस्टची रीडिंग चुकीची आली आहेत, तरी प्रयोग पुन्हा करण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’ अपरिहार्य कारण कोणतं, कोणतं रीडिंग चुकलं, चुकलं हे कशावरून कळलं, यातलं काहीच नसतं. मी कागद परत देतो आणि पोरं म्हणतात, सर अडवतात.

मी अडवत नाही. मशीन्स लॅबमध्ये इतकी वर्षं उभं राहून एक कळलंय की यातल्या निम्म्याहून जास्त पत्रांना टेस्ट पुन्हा करायची गरजच नसते. चूक मशीनवर झालेली नसते, वहीत झालेली असते. उरलेल्यांना मात्र खरोखर पुन्हा करावी लागते, आणि त्यांनी नीट कारण लिहिलं तर मी त्याच दिवशी सही करतो. तेव्हा आधी तुम्ही कोणत्या गटात आहात ते शोधा.

खाली जे आकडे देतोय ते आमच्याकडच्या १ केव्हीए, २३०/११५ व्होल्टच्या सिंगल फेज ट्रान्सफॉर्मरचे आहेत. तुमच्याकडे दुसरा असेल तर आकडे बदलतील, तपासायची रीत तीच राहील.

लक्षणं

ओ.सी. टेस्टमध्ये वॉटमीटरचे वॅट व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारापेक्षा जास्त येतात. किंवा आयर्न लॉस शेजारच्या बॅचच्या दुप्पट किंवा पाचपट येतो, आणि दोन्ही बॅचनी एकाच ट्रान्सफॉर्मरवर काम केलेलं असतं. एस.सी. टेस्टमध्ये व्होल्टेजचा आकडा ‘साधारण दहा’, ‘दहा-बारा’ असा लिहिलेला असतो. कॉपर लॉस दर वेळी वेगळा येतो. वॉटमीटरचा काटा शून्याच्या मागे जाऊन टेकतो. आणि शेवटचं लक्षण म्हणजे एफिशियन्सी ८७ टक्के येते आणि कुणालाच त्यात काही खटकत नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त त्रास देतं, कारण चुकीचं उत्तर दिसायला बरं असलं की कोणी मागे वळून बघत नाही.

पहिली तपासणी: वहीतच, फुकट, दोन मिनिटं

वॅट घ्या, त्याला व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकाराने भागा. आलेला आकडा म्हणजे पॉवर फॅक्टर. तो १ च्या वर असूच शकत नाही. आला, तर तीनपैकी एक रीडिंग नक्की चुकलंय, मग बाकी कितीही छान दिसो.

गेल्या वर्षी एक मुलगी अशीच पत्र घेऊन आली. ओ.सी. टेस्ट एल.व्ही. बाजूने केलेली, ११५ व्होल्ट, ०.५ अँपिअर, आयर्न लॉस ११० वॅट. मी म्हटलं, गुणाकार कर. ११५ गुणिले ०.५ म्हणजे ५७.५. साडेसत्तावन्न व्होल्ट-अँपिअर आत जातायत आणि त्यातून एकशेदहा वॅट बाहेर पडतायत? ती स्वतःच हसली. आणि गंमत अशी की हा ११० वॅटचा आकडा धरून पूर्ण लोडला, युनिटी पॉवर फॅक्टरला एफिशियन्सी काढली तर ८७ टक्के येते. खरी सुमारे ९४ टक्के आहे. एफिशियन्सी बघून ही चूक पकडता येत नाही, पॉवर फॅक्टरने लगेच पकडली जाते. म्हणून ही तपासणी पहिली.

बिनलोडच्या ट्रान्सफॉर्मरचा पॉवर फॅक्टर कमीच असतो, कारण करंटचा मोठा भाग नुसता कोअरमध्ये चुंबकत्व उभं करण्यात जातो आणि त्याला वॅट लागत नाहीत. आमच्या ट्रान्सफॉर्मरला तो ०.४ च्या आसपास येतो. ओ.सी. टेस्टमध्ये ०.७ किंवा ०.८ आला तर तो १ च्या आत आहे म्हणून खूश होऊ नका, तिथेही गडबड आहे.

दुसरी तपासणी: मल्टिप्लायिंग फॅक्टर

त्याच मुलीची रफ वही मागितली. रफ वहीत लिहिलं होतं ‘४४ डिव्हिजन’. बस्स, पुढचं सगळं तिथूनच सुटलं.

ओ.सी. टेस्टला आम्ही लो पॉवर फॅक्टरचा वॉटमीटर देतो. त्याच्या डायलवर कोपऱ्यात बारीक अक्षरात ०.२ छापलेलं असतं. ते बहुतेकांना दिसतच नाही, कारण काच ओरखडलेली असते आणि नजर काट्यावर असते. एका डिव्हिजनला किती वॅट हे असं काढायचं:

व्होल्टेज रेंज × करंट रेंज × डायलवरचा पॉवर फॅक्टर ÷ पूर्ण स्केलच्या डिव्हिजन

तिने १५० व्होल्ट आणि २ अँपिअरची रेंज वापरली होती, स्केल १२० डिव्हिजनचं. म्हणजे १५० × २ × ०.२ ÷ १२० = ०.५. एका डिव्हिजनला अर्धा वॅट, ४४ डिव्हिजनला २२ वॅट. पॉवर फॅक्टर २२ ÷ ५७.५, म्हणजे ०.३८. जिथे असायला हवा तिथे. तिने ०.२ सोडून दिला होता, म्हणून फॅक्टर २.५ आला आणि लॉस पाचपट. उत्तर बरोबर पाचपट असेल तर हीच चूक, डोळे झाकून सांगतो. दुप्पट असेल तर प्रेशर कॉइलची तार १५० वर लावून हिशोब ३०० चा धरलाय. ही दुप्पटची चूक जास्त लबाड आहे, कारण तिच्यात पॉवर फॅक्टर ०.७६ येतो, १ च्या आतच राहतो आणि पहिल्या तपासणीतून निसटतो.

तिला पत्राची गरज नव्हती. डिव्हिजन वहीत जिवंत होत्या, फक्त गुणाकार बदलायचा होता. म्हणूनच मी ओरडत असतो की रफ वहीत आधी डिव्हिजन लिहा, मग वॅट. ज्यांनी थेट वॅट लिहिले त्यांच्याकडे मागे जायला वाटच उरत नाही आणि त्यांना पत्र लिहावंच लागतं.

तिसरी तपासणी: कोणत्या बाजूने, किती व्होल्टने

हिशोब बरोबर असेल तर आता आकृती आणि नेमप्लेट समोर घ्या. ओ.सी. टेस्ट रेटेड व्होल्टेजला व्हायला हवी. एल.व्ही. बाजूने करताना मीटर ११५ वर असायला हवा, ११० वर नाही आणि १२५ वर तर नाहीच. आयर्न लॉस व्होल्टेजबरोबर जवळपास वर्गाच्या प्रमाणात बदलतो. आणि रेटेडच्या वर गेलं की कोअर सॅच्युरेट व्हायला लागतो, मग व्होल्टेज थोडं वाढलं तरी करंट एकदम वर उडतो. मेन्सचं व्होल्टेज दुपारी आमच्याकडे हलत असतं. एकाने व्होल्ट वाचला, दुसऱ्याने पेन शोधलं, तिसऱ्याने दोन मिनिटांनी वॅट वाचले, तर ती तीन रीडिंग एकाच क्षणाची नसतात. तिघांनी तीन मीटरसमोर उभं राहायचं आणि एकाने ‘घ्या’ म्हणायचं.

दरवर्षी कोणीतरी ११५ च्या बाजूला २३० द्यायला निघतो. ट्रान्सफॉर्मर जोरात गुणगुणायला लागतो आणि ॲमीटरचा काटा टोकाला जातो. डिमर लगेच शून्यावर आणा, मेन बंद करा आणि मला हाक मारा. याच्या उलट, एल.व्ही. ला बरोबर ११५ दिले तरी पलीकडच्या उघड्या एच.व्ही. टर्मिनलवर २३० व्होल्ट उभे असतात. ‘ओपन’ म्हणजे मोकळं, हात लावायला हरकत नाही, असा अर्थ काढणारे मी पाहिलेत.

चौथी तपासणी: मीटर आणि त्याची रेंज

एस.सी. टेस्टची बहुतेक चुकीची रीडिंग इथे जन्म घेतात. या टेस्टला एल.व्ही. शॉर्ट करून एच.व्ही. बाजूने फक्त रेटेड करंट, म्हणजे आमच्याकडे ४.३५ अँपिअर, जाईल इतकंच व्होल्टेज द्यायचं. ते येतं १२ व्होल्टच्या जवळपास. टेबलावर ३०० व्होल्टचा मूव्हिंग आयर्न व्होल्टमीटर तयार असतो, ओ.सी. वाल्यांनी वापरलेला, आणि पोरं तोच उचलतात. मूव्हिंग आयर्न मीटरचं स्केल खालच्या टोकाला चेपलेलं असतं. तिथे १२ व्होल्ट म्हणजे काटा शून्यापासून जेमतेम हललेला. वरची लक्षणं आठवा, ‘साधारण दहा’ इथूनच येतं. ३० व्होल्टचा मीटर कपाटात असतो, मागावा लागतो.

मीटर लावण्याआधी मेन बंद असताना काटा शून्यावर आहे का बघा. नसेल तर समोरच्या स्क्रूने मीच आणून देईन, तुम्ही पेचकस घालू नका. वाचताना काटा आणि आरशातलं त्याचं प्रतिबिंब एकावर एक येईल असं डोकं धरा.

पाचवी तपासणी: कनेक्शन

इथून पुढे हात लावायच्या गोष्टी येतात, म्हणून मेन बंद आणि डिमर शून्यावर, हे आधी.

वॉटमीटरवर चार टर्मिनल असतात: एम, एल, सी, व्ही. एम-एल मधून करंट जातो, सी-व्ही व्होल्टेजवर असतात. काटा मागे जात असेल तर दोन्हींपैकी एकाच कॉइलची दिशा उलटलीय. ती एकच बदला, दोन्ही बदलल्या तर पुन्हा तिथेच याल. सी टर्मिनल एमला जोडायचं की एलला, यावर मुलं फार विचार करत नाहीत, आणि मोठ्या मशीनवर फरकही पडत नाही. आमच्या २२ वॅटवर पडतो. सी एलच्या बाजूला लावलं तर वॉटमीटर प्रेशर कॉइलमध्ये जळणारे वॅटही मोजतो. ओ.सी. टेस्टमध्ये करंट इतका कमी असतो की करंट कॉइलमधला लॉस नगण्य राहतो, म्हणून तिथे सी एमला जोडायचं. एस.सी. मध्ये उलट, करंट भरपूर आणि व्होल्टेज चिमूटभर, तिथे सी एलला. तुमच्या वॉटमीटरमध्ये आतच याची भरपाई केलेली असेल तर त्याच्या झाकणावर जशी आकृती असेल तसंच जोडा.

आणि आता ती तार, जिच्यामुळे सर्वात जास्त बॅच फसतात. एल.व्ही. शॉर्ट करायला पोरं हाताला लागेल ती लीड घेतात, बारीक, लांब, टोकाचा लग सैल. एल.व्ही. बाजूला पूर्ण करंट ८.७ अँपिअर असतो. त्या तारेचा आणि सैल जोडाचा मिळून रेझिस्टन्स ०.१ ओम असेल, तर ८.७ चा वर्ग गुणिले ०.१, म्हणजे साडेसात वॅट नुसत्या तारेत जातात. आमच्या ट्रान्सफॉर्मरचा खरा कॉपर लॉस ४० वॅट आहे. म्हणजे जवळपास वीस टक्के चूक, आणि मीटर बिचारे सगळे बरोबर. ओळखायचं कसं? टेस्ट संपवून, मेन बंद करून त्या लगला बोट लावा. कोमट नाही, चटका बसेल इतका गरम लागला तर कॉपर लॉस तुम्ही तारेचा मोजलाय. जाड, आखूड तार घ्या आणि नट पान्याने आवळा, बोटाने नाही.

एस.सी. चं रीडिंग झटपट घ्या हेही त्याचाच भाग. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. गप्पा मारत वाइंडिंग २५ अंशांनी तापवलं तर लॉस दहा टक्क्यांनी वर जातो, आणि मग ‘दर वेळी वेगळं येतंय, सर’.

इथे थांबा

पुढचं काम तुमचं नाही. ओ.सी. टेस्टमध्ये डिमर वीस-तीस व्होल्टवर असतानाच करंट ०.५ च्या वर गेला, तर वाइंडिंगचे वेढे आतल्या आत शॉर्ट झालेले असू शकतात. ट्रान्सफॉर्मरच्या बॉडीला हात लागून झिणझिण्या आल्या, जळकट वार्निशचा वास आला, कोणताही फ्यूज दुसऱ्यांदा उडाला, डिमरची मूठ फिरवताना ठिणगी दिसली, तर मेन बंद, बोर्डावर ‘वापरू नये’ लिहा आणि मला किंवा लॅब असिस्टंटला बोलवा. मेगर लावणं, ट्रान्सफॉर्मर उघडणं, डिमर दुरुस्त करणं आम्ही करू, आणि आम्हालाही जमलं नाही तर तो दुरुस्तीवाल्याकडे जाईल. ‘सर जेवायला गेलेत तोवर एकदा करून बघू’ हा प्रकार तर कधीच नाही. एस.सी. मध्ये डिमर जरासा पुढे सरकला की करंट दुप्पट होतो, कारण लागणारे बारा व्होल्ट मुठीच्या अगदी पहिल्या अंगुळात असतात.

मग पत्र कधी, आणि कसं

गणित इतकंच आहे: चूक हिशोबात असेल आणि डिव्हिजन वहीत असतील तर पत्र नको, पान दुरुस्त करून सही घ्या. काट्याची जागाच चुकीची वाचली गेली असेल किंवा जोडणीच चुकली असेल, तर तो क्षण परत मिळत नाही. तिथे पत्र लागतंच.

मागच्या सत्रातलं एक पत्र मी जपून ठेवलंय. नावगाव काढून देतो:

> प्रति,
> मा. प्रयोगशाळा निदेशक,
> विद्युत यंत्रे प्रयोगशाळा
>
> विषय: ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट सर्किट टेस्ट पुन्हा करण्याच्या परवानगीबाबत.
>
> महोदय,
>
> आमच्या बॅचने मागील मंगळवारी १ केव्हीए ट्रान्सफॉर्मरची ओ.सी. व एस.सी. टेस्ट केली. एस.सी. मध्ये १० व्होल्ट, ४.३५ अँपिअर व ९.५ डिव्हिजन अशी रीडिंग आली. एका डिव्हिजनला ५ वॅट धरून ४७.५ वॅट होतात, पण व्होल्ट-अँपिअर फक्त ४३.५ येतात. पॉवर फॅक्टर १.०९ येतो, हे शक्य नाही. मल्टिप्लायिंग फॅक्टर पुन्हा तपासला, तो बरोबर आहे.
>
> आम्ही व्होल्टमीटर ३०० व्होल्टचा वापरला होता व काटा शून्याजवळ असल्याने अंदाजे वाचला. तसेच शॉर्ट करण्याची तार टेस्टनंतर गरम लागत होती.
>
> ओ.सी. टेस्टची रीडिंग बरोबर आहेत, ती पुन्हा करण्याची गरज नाही. फक्त एस.सी. टेस्टसाठी ३० व्होल्टचा व्होल्टमीटर व जाड तार घेऊन, आपल्या उपस्थितीत, सुमारे अर्धा तास मिळावा. गुरुवारी दुपारी तीननंतर आमचा तास रिकामा आहे.
>
> आपला आज्ञाधारक विद्यार्थी

‘अपरिहार्य कारण’ कुठेच नाही बघा. चूक आपली होती हे सरळ लिहिलंय, आणि काय बदलणार तेही. ‘मीटर खराब आहे’ लिहिणाऱ्यांचं पत्र मी आधी बाजूला ठेवतो, मीटर खरंच खराब असतो तेव्हाही, कारण त्यांनी दुसऱ्या मीटरशी जुळवून पाहिलेलं नसतं. ‘आपल्या उपस्थितीत’ हे दोन शब्द लिहाच. आणि दोनपैकी एकच टेस्ट मागितली म्हणून मला अर्धा तास देता आला. दोन्ही मागितल्या असत्या तर पुढच्या आठवड्यावर गेलं असतं.

गुरुवारी त्यांनी जाड तार आवळून, ३० व्होल्टचा मीटर लावून घेतलं: १२ व्होल्ट, ४.३५ अँपिअर, ८ डिव्हिजन. ४० वॅट, पॉवर फॅक्टर ०.७७. साडेसात वॅट तारेबरोबर गेले. या वॉटमीटरवर अर्धी डिव्हिजन म्हणजे अडीच वॅट, तेव्हा फार मोठा दावा मी करणार नाही, पण दिशा बरोबर होती. जुनं व्होल्टेजही दहा नसणारच. तारेचा रेझिस्टन्स धरून हिशोब केला तर ते तेराच्या वर यायला हवं होतं.

जर्नलमध्ये जुनं कोष्टक खोडून टाकू नका, पान फाडू तर नकाच. एक आडवी रेघ मारा, शेजारी ‘व्होल्टमीटरची रेंज जास्त, शॉर्टिंग तार बारीक’ इतकं लिहा, नवं कोष्टक खाली घ्या आणि पत्राची प्रत त्याच पानाला लावा. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक त्या रेघेपाशी हमखास थांबतात आणि प्रश्न तिथलाच विचारतात. त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला येत असतं.